जामीन अर्जाचा प्रात्यक्षिक पेपर: केस डायरी दिली आहे, पण ती अर्जात वापरायची कशी?

मृण्मयी_एलएलबी३

नमस्कार मंडळी. मी एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रात्यक्षिक पेपरात केस डायरीचा उतारा देतात आणि त्यावरून जामीन अर्ज लिहायला सांगतात, कारणे आणि विनंती यांच्यासह. मला वीसपैकी नऊ गुण मिळाले. सरांनी पेपरावर दोनच शेरे मारले आहेत. पहिला, "डायरी तुम्हाला कोणी दिली?" दुसरा, "बचाव उघड केलात." पहिला शेरा मला कळलेलाच नाही, कारण डायरी तर प्रश्नपत्रिकेतच छापली होती. सर आता सुट्टीवर आहेत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पेपर आहे, म्हणून इथे विचारते.

प्रश्नातली डायरी थोडक्यात अशी:

११ मार्च २०२५: फिर्यादीचे मोबाईलचे दुकान. १० तारखेच्या रात्री शटर उचकटून १४ हँडसेट आणि रोख १८,००० रुपये चोरीला. अज्ञात इसमांविरुद्ध गु.र.नं. ११२/२०२५, भारतीय न्याय संहिता कलम ३३१(४), ३०५.
१६ मार्च: गुप्त बातमीदारामार्फत माहिती मिळाल्याने आरोपी, वय २३, हमाली, यास १९.१० वाजता अटक. अटकेबाबत त्याच्या भावास फोनवर कळवले.
१७ मार्च: न्यायालयात हजर. रिमांड यादीत कारणे: सीसीटीव्हीत तोंड बांधलेले दोन इसम दिसतात, साथीदाराचा शोध, उर्वरित मुद्देमाल. कलम ३(५) वाढवले. २० पर्यंत पोलीस कोठडी.
१८ मार्च: आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली. मेमोरंडम पंचनाम्यानुसार राहत्या खोलीच्या माळ्यावरून २ हँडसेट जप्त.
१९ मार्च: खोलीतील सोबत्याचा जबाब, आरोपी त्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास खोलीवर आला.
२० मार्च: न्यायालयीन कोठडी.
२१ मार्च: जप्त दोनपैकी एका हँडसेटचा आयएमईआय फिर्यादीच्या बिलाशी जुळतो. दुसऱ्याचे बिल मिळून आले नाही. आरोपीवर २०२१ चा चोरीचा एक खटला प्रलंबित.

अर्जाची तारीख २ एप्रिल २०२५ धरायची होती. माझी दोन कारणे जशीच्या तशी देते:

"३. केस डायरीतील दि. १९ मार्चच्या नोंदीत असलेला सोबत्याचा जबाब खोटा आहे.
५. सदर दोन हँडसेट अर्जदाराने एका ओळखीच्या माणसाकडून विकत घेतले होते, ते चोरीचे आहेत हे त्यास माहीत नव्हते."

आणि शेवटी विनंतीत लिहिले, "अर्जदारास सदर गुन्ह्यातून मुक्त करावे." चुकले कुठे?

संहिता_वाचक

आधी एक चांगली गोष्ट, तू नवी कलमे घेतलीस. आमच्या वर्गात अजून निम्मी मुले ४३७ लिहितात. आता नागरिक सुरक्षा संहितेचे ४८० आहे. पण तुझ्या अर्जात सगळ्यात मोठा मुद्दा राहिला तो सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार २०१४ निकालाचा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आधी नोटीस द्यायची असते, आता ती कलम ३५(३) ची. इथे नोटीस दिल्याची नोंदच नाही. म्हणजे अटकच बेकायदा. हे पहिले कारण म्हणून टाक, बाकी काही लागणार नाही.

जुनी_बाररूम

मृण्मयी, मी तालुका कोर्टात बावीस वर्षे फौजदारी वकिली करतो. तुमच्या सरांचा पहिला शेरा फार मोलाचा आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करू.

नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९२ वाचा. डायरी न्यायालय मागवू शकते, चौकशी किंवा खटल्याच्या कामात मदत म्हणून पाहू शकते. पण आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला ती मागण्याचा हक्क नाही. म्हणजे २ एप्रिलला तुम्ही आरोपीच्या वकील म्हणून टेबलाशी बसल्या आहात, तेव्हा तुमच्या हातात काय असेल? एफआयआरची प्रत, दोन्ही रिमांड याद्या, अटकेचे कागद आणि अशिलाने किंवा त्याच्या भावाने सांगितलेली हकीकत. दोषारोपपत्र आलेले नाही, त्यामुळे साक्षीदारांचे जबाब तुम्हाला दिसलेले नाहीत. सोबत्याने काय सांगितले हे तुम्हाला ठाऊकच नाही, तर तो खोटा कसा म्हणाल? तुम्ही तसे लिहिलेत की सरकारी वकील उठून विचारतील, की जबाब अर्जदाराला कळला कसा, साक्षीदाराशी संपर्क सुरू झाला का. जामीन नाकारण्याचे कारण तुम्हीच दिलेत.

म्हणून पेपर हातात आल्यावर डायरीतल्या प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारायचा, हे माझ्या बाजूला कळण्याचा मार्ग कोणता? मार्ग असेल तर त्या मार्गाचे नाव घेऊन लिहायचे. "दि. १७ मार्चच्या रिमांड यादीत नमूद केल्यानुसार सीसीटीव्हीतील इसमांची तोंडे बांधलेली होती" हे चालते. "केस डायरीतील नोंदीनुसार" हे शब्द अर्जात कुठेही नकोत.

संहिता_वाचक यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. कलम ३०५ ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेवढे एकच कलम असते तर अर्नेश कुमार चपखल होता. पण ३३१(४) पाहा. रात्रीची घरफोडी, आणि हेतू चोरीचा असेल तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. तिथे सात वर्षांची ती चौकट लागत नाही. परीक्षकाने हे कलम मुद्दाम ठेवले असणार.

संहिता_वाचक

मान्य, ३३१(४) ची शिक्षा मी पाहिलीच नाही. पण मग चौदा वर्षे म्हटल्यावर अर्ज सेशन्सकडे ४८३ खाली नको का करायला?

जुनी_बाररूम

नको. ४८० मधला अडथळा मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांसाठी आहे. चौदा वर्षे त्यात येत नाहीत आणि हा गुन्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच चालतो. सेशन्सला अधिकार आहेतच, पण पहिला अर्ज खालीच करायचा. मात्र सात किंवा त्याहून जास्त वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा असल्यामुळे सरकारी वकिलांना ऐकल्याशिवाय जामीन देता येत नाही. म्हणून अर्जाची प्रत त्यांना दिल्याचे लिहावे.

निवृत्त_शिरस्तेदार

मी कोर्टाच्या कचेरीत नोकरी केली, वकील नाही. पण हजारो जामीन अर्ज हाताखालून गेले, त्यातले एक सांगतो. अर्जाच्या माथ्यावर न्यायालयाचे नाव, पोलीस ठाणे, गु.र.नं., कलमे आणि आरोपी कोणत्या तारखेपासून कोणत्या कोठडीत आहे, एवढे पहिल्या पानावर एका नजरेत दिसले पाहिजे. साहेब डायसवर बसल्यावर एका सकाळी वीस अर्ज समोर असतात. कोठडीची तारीख तिसऱ्या पानावर शोधावी लागली की अर्ज बाजूला पडतो.

दुसरे म्हणजे, "यापूर्वी कोणत्याही न्यायालयात जामीन अर्ज केलेला नाही अथवा प्रलंबित नाही" हे वाक्य. पूर्वी ते सवयीने लिहायचे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुशा दुरुका प्रकरणात आधीच्या अर्जांचा तपशील देण्यावर भर दिला. ते गाळू नका.

भटका_सोलापूर

जामिनाचा विषय निघाला म्हणून विचारतो. माझ्या चुलतभावावर चेक बाऊन्सची केस आहे. दोन तारखांना तो गेला नाही, आता अजामीनपात्र वॉरंट निघाले आहे असे कळते. त्याच्यासाठी वर दिलेला ४८० चा अर्ज चालेल का? घरातले सगळे घाबरले आहेत.

जुनी_बाररूम

भाऊ, चेकचा १३८ चा गुन्हा जामीनपात्र आहे. वॉरंट अजामीनपात्र निघाले ते गैरहजेरीमुळे. त्याने लपून बसू नये. वकिलासोबत त्याच कोर्टात स्वतः हजर व्हावे, वॉरंट रद्द होण्याचा अर्ज द्यावा आणि न येण्याचे खरे कारण कागदासह सांगावे. पोलिसांनी धरून नेण्याआधी गेला तर फार फरक पडतो. हे उद्याच करा.

मृण्मयी_एलएलबी३

डायरीचा मुद्दा लख्ख समजला, धन्यवाद. पण कारण ५ मध्ये काय चुकले? हँडसेट त्याच्याकडे का होते याचा खुलासा दिला नाही तर न्यायालय त्यालाच चोर समजेल ना?

जुनी_बाररूम

हाच दुसरा शेरा. "विकत घेतले होते" असे लिहिताना तुम्ही काय काय कबूल केलेत बघा. हँडसेट त्याच्या ताब्यात होते, हे कबूल. ते चोरीचे आहेत, हेही जवळजवळ कबूल. उरला फक्त एक प्रश्न, त्याला माहीत होते का. म्हणजे घरफोडीतून सुटायला तुम्ही त्याला चोरीचा माल बाळगण्याच्या ३१७(२) मध्ये नेऊन बसवलेत. शिवाय चोरीनंतर आठच दिवसांत माल सापडला आहे. चोरीनंतर लगेच माल ज्याच्याकडे मिळतो तो एकतर चोर किंवा जाणूनबुजून घेणारा, असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ ने आहे. आणि "ओळखीचा माणूस" म्हणजे कोण? उद्या खटल्यात त्याचे नाव द्यावे लागेल. जामिनाच्या अर्जात लिहिलेले वाक्य खटला संपेपर्यंत पाठ सोडत नाही.

जामिनाच्या टप्प्यावर निर्दोषत्व सिद्ध करायचे नसते. आता याला कोठडीत ठेवण्याची गरज उरली आहे का, एवढेच दाखवायचे असते. म्हणून ताब्याबद्दल असे लिहा:

"कथित जप्ती ही अर्जदाराच्या एकट्याच्या ताब्यातील जागेतून झालेली नाही. सदर भाड्याच्या खोलीत अर्जदारासह तीन इसम राहतात व माळा सर्वांच्या वापरातील आहे. अर्जदार सदर जप्ती मान्य करीत नाही."

तिघे राहतात हे तुम्हाला अशिलाने सांगितले, डायरी लागली नाही. खुलासा नाही, कबुलीही नाही, आणि न्यायाधीशाला विचार करायला एक खरी अडचण दिली.

कबुलीचा तर उल्लेखच करू नका. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही, फक्त तिच्यामुळे जे सापडले तेवढा भाग येतो. "अर्जदाराकडून जबरदस्तीने कबुली घेतली" असे बरीच मुले लिहितात. मारहाणीची तक्रार त्याने १७ किंवा २० तारखेला न्यायाधीशापुढे केल्याची नोंद नसेल, तर ते वाक्य पोकळ ठरते.

शिकवते_फौजदारी

मी विधी महाविद्यालयात शिकवते, असे पेपर तपासतेही. जुनी_बाररूम यांच्याशी बहुतेक ठिकाणी सहमत आहे, पण एका जागी नाही. पेपरात डायरी ही विद्यार्थ्यांसाठी हकिकतीचे एकमेव साधन असते. २१ मार्चची नोंद पाहा, दुसऱ्या हँडसेटचे बिल मिळालेले नाही. हा आरोपीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो २० तारखेच्या रिमांडनंतरचा आहे. कडक नियम लावला तर विद्यार्थ्याने तो सोडून द्यायचा. मी तपासताना तो मुद्दा कुणी मांडला तर गुण देते, फक्त "केस डायरी" हे शब्द नसावेत.

जुनी_बाररूम

ताई, तुमची अडचण समजते. पण तिथे एक प्रामाणिक वाट आहे. अर्जात लिहायचे, "जप्त हँडसेट फिर्यादीच्याच मालकीचे असल्याचे दाखवणारा कागद अर्जदारास देण्यात आलेला नाही. त्याबाबत न्यायालयाने तपासाचे कागद अवलोकन करावेत." मग न्यायाधीश डायरी उघडतील तेव्हा त्यांना दिसेल की एकाचे बिल जुळते, दुसऱ्याचे नाही.

शिकवते_फौजदारी

त्यात धोका आहे. उघडल्यावर जुळणारा आयएमईआयसुद्धा दिसतो, आणि सोबत्याचा जबाबसुद्धा. तुम्ही स्वतःहून न्यायाधीशाचे बोट त्या पानावर ठेवताय. मी विद्यार्थ्याला ही वाट सुचवणार नाही.

जुनी_बाररूम

ती पाने ते तशीही वाचणारच, सरकारी वकील वाचून दाखवतात. पण ठीक आहे, यावर आपले दोघांचे जमणार नाही. मृण्मयी, तुमचे परीक्षक ज्या बाजूचे असतील ते पाहून ठरवा. "डायरी कोणी दिली" असे विचारणारे सर माझ्या बाजूचे दिसतात.

मृण्मयी_एलएलबी३

आणि २०२१ चा जुना खटला? मी तो लिहिलाच नव्हता. वाटले की अशिलाच्या विरुद्ध आपणच का सांगायचे.

शिकवते_फौजदारी

तो लिहायचाच. तो लपवून सरकारी वकिलांच्या म्हणण्यातून बाहेर आला की बाकी सगळी कारणे संशयात जातात. लिहिताना कायद्याने फरक पाडलेली जागा धरा. ४८० मधला पूर्वीच्या गुन्ह्याचा अडथळा दोषसिद्धीला लागतो, प्रलंबित खटल्याला नाही. म्हणून, "अर्जदाराविरुद्ध २०२१ मधील एक खटला प्रलंबित असून त्यात तो जामिनावर आहे, तारखांना हजर राहतो. आजवर कोणत्याही गुन्ह्यात त्यास दोषी ठरवलेले नाही." मात्र जामिनावर आहे आणि हजर राहतो हे डायरीत नाही, ते अशिलाकडून विचारून घेतल्याशिवाय लिहू नका. पेपरात ती जागा मोकळी ठेवून "अशिलाच्या माहितीनुसार" असे केलेले मला चालते.

मृण्मयी_एलएलबी३

विनंतीचे काय? "गुन्ह्यातून मुक्त करावे" यावर सरांनी लाल रेघ मारली आहे.

निवृत्त_शिरस्तेदार

कारण त्याचा अर्थ खटलाच संपवा असा होतो. जामिनाच्या अर्जात तसा आदेश निघू शकत नाही. आमच्याकडे विनंती साधारण अशी येत असे:

"अ) ___ पोलीस ठाणे गु.र.नं. ११२/२०२५, भारतीय न्याय संहिता कलम ३३१(४), ३०५ व ३(५) या गुन्ह्यात अर्जदारास न्यायालयास योग्य वाटतील अशा अटींवर जातमुचलका व जामीनदार घेऊन जामिनावर मुक्त करण्याचा आदेश व्हावा.
ब) ऐपतदार जामीनदार हजर करेपर्यंत अर्जदारास तात्पुरत्या रोख जामिनावर मुक्त करून जामीनदारासाठी चार आठवड्यांची मुदत मिळावी.
क) न्यायाच्या दृष्टीने योग्य तो अन्य आदेश व्हावा."

ब ला कमी लेखू नका. हमाली करणाऱ्या माणसाला सातबारा किंवा ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार दोन दिवसांत मिळत नाही. जामीन मंजूर होऊनही माणसे आठ-आठ दिवस आत राहिलेली मी पाहिली आहेत, केवळ विनंतीत हे एक वाक्य नव्हते म्हणून. भाऊ रोज कचेरीत येऊन दारात उभा राहायचा आणि आमच्या हातात काही नसायचे.

संहिता_वाचक

आणखी एक. साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हक्कानेच मिळतो, हे पर्यायी कारण म्हणून टाकता येईल?

जुनी_बाररूम

२ एप्रिलला नाही. पहिला रिमांड १७ मार्चचा, म्हणजे तो सतरावा दिवस. हक्क उत्पन्नच झालेला नाही. आणि इथे साठ की नव्वद हाही वाद आहे. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या राकेश कुमार पॉल निकालात, किमान दहा वर्षे शिक्षा असलेल्या गुन्ह्यालाच नव्वद दिवस, असे बहुमताने ठरले. ३३१(४) ला किमान शिक्षा नाही, म्हणून मी साठ म्हणतो. पण नव्या १८७(३) ची शब्दरचना बदलली आहे आणि सरकारी वकील त्यावर बोट ठेवतात. पेपरात या वादात शिरू नका.

शिकवते_फौजदारी

मृण्मयी, सगळ्यांच्या नजरेतून एक नोंद सुटली आहे असे वाटते. १६ मार्चची ओळ पुन्हा वाचा. "अटकेबाबत त्याच्या भावास फोनवर कळवले." अटक झाली हे कळवले. पण अटकेची कारणे आरोपीला सांगितली असे कुठे आहे?

राज्यघटनेचे अनुच्छेद २२(१) आणि नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७ कारणे अटक झालेल्याला सांगायला लावते. नातेवाइकाला अटकेची खबर देणे हे वेगळे काम आहे, ते ४८ खाली. फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला. कारणे सांगितली नाहीत तर अटक अवैध ठरते, आणि पत्नीला अटक कळवली म्हणजे कारणे सांगितली असे होत नाही. अर्जाची तारीख एप्रिल २०२५ ठेवली आहे ती मला सहज ठेवलेली वाटत नाही.

जुनी_बाररूम

ताई, हे माझ्याकडूनही सुटले, कबूल. आणि हे कारण घ्यायला डायरी लागतच नाही. कारणे सांगितली की नाही हे अशील स्वतः सांगू शकतो, अटकेचे कागद आपल्याकडे असतात. हे कारण पहिले घ्यायला हवे.

मृण्मयी_एलएलबी३

काल रात्री पुन्हा लिहून काढला. कारणांचा भाग देते, चुकले असेल तर सांगा.

"१. अर्जदारास दि. १६ मार्च २०२५ रोजी अटक करताना अटकेची कारणे सांगण्यात आली नाहीत. केवळ त्याच्या भावास अटकेची खबर फोनवर देण्यात आली. सबब अटक अनुच्छेद २२(१) व कलम ४७ च्या तरतुदींविरुद्ध आहे.
२. एफआयआर अज्ञात इसमांविरुद्ध आहे. रिमांड यादीनुसार सीसीटीव्हीतील इसमांची तोंडे बांधलेली आहेत. अर्जदाराची ओळख परेड घेतल्याचे अर्जदारास कळवलेले नाही.
३. कथित जप्ती तीन इसमांच्या सामायिक खोलीतून असून ती अर्जदारास मान्य नाही.
४. पोलीस कोठडी दि. २० मार्च रोजी संपली. त्यानंतर अर्जदाराच्या कोठडीतील चौकशीची गरज तपास यंत्रणेने दाखवलेली नाही. साथीदार सापडला नाही हे अर्जदारास कोठडीत ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.
५. २०२१ च्या प्रलंबित खटल्याची माहिती अर्जदार स्वतःहून देत आहे. त्यास दोषसिद्धी नाही.
६. अर्जदार याच शहरात राहतो, न्यायालय घालेल त्या अटी पाळेल, साक्षीदारांशी संपर्क करणार नाही व पोलीस ठाण्यात हजेरी देईल."

शिकवते_फौजदारी

दुसरे कारण छान पेलले आहे. "घेतल्याचे कळवलेले नाही" म्हटलेस, "घेतली नाही" म्हटले नाहीस. चारमधले शेवटचे वाक्य थोडे सौम्य कर, कारण साथीदार फरार असणे हे न्यायालये विरोधात धरतात. तिथे ठाम विधान करण्यापेक्षा, साथीदाराचा शोध अर्जदार बाहेर असतानाही घेता येईल, असे लिही.

मृण्मयी_एलएलबी३

बदलते. आणि भावाचे नाव प्रश्नात नव्हते, म्हणून मोकळी रेघ ठेवली आहे. विनंतीतली ब मी शब्दशः घेतली आहे.